जिभेवरील नकाशा

जीभ पाहून प्रकृति ओळखण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. त्यामुळें आरशांत आपलीच जीभ निराळी दिसली कीं मनुष्य चटकन् घाबरतो. असें निराळेपण पुष्कळदां अगदीं निरुपद्रवी असतें. आमच्या वसतिगृहांतील एका विद्यार्थ्याची हकीकत यासाठींच आम्ही येथें देत आहों.

हा मुलगा इयत्ता आठवींतला. त्याच्या जिभेच्या डाव्या बाजूस रुपयाएवढा तांबडा, गुळगुळीत चट्टा उठला होता, आणि त्याच्याभोंवतीं पांढुरकी, किंचित् उंच अशी नागमोडी कड होती. चिंच किंवा मिरची लागली कीं तेथें चुरचुरे. एरवीं कांहीं त्रास नसे. परंतु सोबत्यांनीं त्याच्या तांब्यानें पाणी पिणें सोडलें, आणि तोही पंगतींत बसेनासा झाला. गांवाहून वडील आले. हा कर्करोगाचा आरंभ आहे असें त्यांना कोणीं तरी सांगितलें होतें. ते म्हणाले, “मास्तर, मुलाला मुंबईस नेतों. वेळ पडली तर बैलजोडी विकीन.”

आम्हीं त्यांस प्रथम जवळच्या दंतवैद्यांकडे नेलें. त्यांनीं जीभ पाहिली, चट्टा बोटानें चांचपून तो कोठें टणक नाहीं याची खात्री केली, मानेच्या गांठी तपासल्या, आणि सांगितलें, “ही नकाशासारखी जीभ आहे. इंग्रजींत हिला जिऑग्राफिक टंग म्हणतात. औषधाची गरज नाहीं. खात्री पाहिजे असेल तर एका वहींत जिभेचीं चित्रें काढीत जा.”

त्याप्रमाणें आम्हीं वहींत जिभेच्या आकृति काढून दिल्या, आणि मुलगा आरशांत पाहून त्यांत चट्टे रंगवूं लागला. पहिल्या दिवशीं चट्टा डावीकडे होता. चौथ्या दिवशीं तो पसरून जिभेच्या मध्याकडे सरकला. नवव्या दिवशीं डावी बाजू पूर्ववत् झाली होती, आणि शेंड्याजवळ अर्धचंद्राएवढा नवा चट्टा दिसत होता. वडिलांना आम्हीं तीं तीन चित्रें शेजारीं शेजारीं दाखविलीं. घातक व्रण अशी जागा बदलीत हिंडत नाहीं, हें त्यांना तेव्हां पटलें. बैलजोडी घरींच राहिली.

याचें कारण असें. जिभेची पाठ मखमलीसारखी दिसते ती तिच्यावरील असंख्य केसाळ अंकुरांमुळें. या विकारांत एखाद्या ठिकाणचे अंकुर झडतात व खालचा तांबडा भाग उघडा पडतो. तेथें ते पुन्हां उगवतात तों दुसरीकडे झडतात. असें कां होतें हें वैद्यकास अद्याप निश्चित उमगलेलें नाहीं. परंतु तो जंतूंचा संसर्ग नव्हे, म्हणून एका तांब्यानें पाणी प्याल्यानें तो दुसऱ्यास होत नाहीं. चुरचुरेल तेव्हां आंबट-तिखट टाळावें, इतकेंच पथ्य.

चित्रें पाहतां पाहतां वडिलांनीं आपलीही जीभ दाखविली. तिच्या मध्यावर खोल चीर होती आणि तिला दोहों बाजूंस लहान फांटे फुटले होते. ही भेगाळ जीभ पुष्कळदां नकाशाच्या जिभेबरोबरच आढळते, वयाबरोबर अधिक ठळक होते, आणि तीही रोग नव्हे. भेगांत अन्नाचे कण अडकून आग होऊं नये म्हणून जेवणानंतर चूळ भरावी, व मऊ ब्रशानें जीभ हलकेच पुसावी.

ताप येऊन गेलेल्या मुलांच्या जिभेवर पांढरा थर दिसतो, त्याचीही भीति नको. ताठर अन्नाच्या घर्षणानें अंकुरांचे शेंडे रोज झिजत असतात. आजारांत पेजेवर राहिल्यानें, पाणी कमी प्याल्यानें किंवा तोंडानें श्वास घेतल्यानें तें घर्षण व धुणें थांबतें. अंकुर लांबतात, आणि त्यांत जंतु व अन्नाचे कण सांचतात. नेहमींचें जेवणखाण सुरू झालें व जिभलीनें जीभ साफ केली कीं तो थर निघून जातो.

मात्र वहीचा हा नियम उलट बाजूनेंही लक्षांत ठेवावा. जो व्रण किंवा तांबडा-पांढरा डाग दोन आठवडे एकाच जागीं टिकतो, टणक लागतो, पुसून जात नाहीं अथवा ज्यांतून रक्त येतें, तो डॉक्टरांस दाखविलाच पाहिजे. घरांत कोणी तंबाखू, मिश्री किंवा गुटखा घेत असेल तर त्यानें एक दिवसही दवडूं नये. तसेंच सबंध जीभच गुळगुळीत, लाल व दुखरी झाली तर तें रक्तक्षयाचें किंवा जीवनसत्त्वांच्या उणीवेचें लक्षण असूं शकतें. त्यासाठीं रक्त तपासून घ्यावें. जो डाग हिंडतो त्याची चिंता नको. जो ठाण मांडून बसतो त्याची चौकशी करावी.