नव्या बॉसला पहिला मेल

खराडीच्या आमच्या ऑफिसात टीमची फेरमांडणी झाली की बॉस बदलतो आणि बरेचदा नवा बॉस पुण्यात नसतोच. या खेपेला तो जर्मनीत, श्टुटगार्टला आहे. एचआरच्या मेलला ‘रिप्लाय ऑल’ करून स्वागताच्या दोन ओळी टाकायच्या, ही सर्वांची रीत. मी त्याच आठवड्यात वेगळा मेल लिहिते, शक्यतो बुधवारी. आधीचे दोन दिवस त्याच्याकडे स्वागतांचीच गर्दी असते आणि शुक्रवारचा मेल सोमवारच्या ढिगात बुडतो.

माझ्याबरोबर टेस्टिंग करणारी एक मुलगी नुकतीच तिचा मसुदा घेऊन आली. “ताई, एकदा नजर टाकाल?” मेहनती आहे, लवकर शिकते, सगळ्यांशी जुळवून घेते, असं तिने लिहिलं होतं. शेवटी प्रश्न होता: माझ्याकडून तुमच्या काय अपेक्षा आहेत? त्यातलं काही खोटं नव्हतं, मुलगी खरंच मेहनती आहे. पण मी तिला विचारलं, “तुझं नाव काढून माझं घातलं, तर यातलं काय बदलेल गं?” मग आम्ही दोघी मिळून तो पुन्हा लिहायला बसलो.

सुरुवातीला तिच्या हातात काय आहे ते आलं. पुढच्या रिलीजची रिग्रेशन टेस्टिंग ती बघते, आणि त्यात एक चाचणी कधी पास होते, कधी फेल. कारण अजून सापडलेलं नाही. ही उघडी अडचण पहिल्याच मेलमध्ये लिहायला ती कचरत होती. मला ती ओळ सगळ्यात महत्त्वाची वाटते. नव्या माणसाला टीममधलं नेमकं दुखणं कुणी सांगत नाही, आणि महिन्याने ते कळलं की तो विचारतो, आधी का नाही सांगितलं?

कामाची पद्धत सांगताना विशेषणं काढून तिथे ती काय करते ते लिहिलं. ‘चाचणी फेल झाली तर कारण कळायची वाट न पाहता त्याच दिवशी कळवते. सकाळी सलग काम करते, तेव्हा चॅट बंद असतं. तातडीचं असेल तर फोन करावा.’ वेळेचंही स्पष्ट केलं. उन्हाळ्यात त्यांचे नऊ वाजतात तेव्हा आपले साडेबारा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं तासाने मागे जातात की दीड. म्हणजे हिवाळ्यात एकत्र कामाचा एक तास कमी होतो, आणि तिची रोजची मीटिंग तेव्हाच कोलमडते. ती राहते नारायण पेठेत, म्हणून अनंत चतुर्दशीची तारीखही घातली. विसर्जनाची मिरवणूक दुसऱ्या दिवशीपर्यंत चालते आणि पेठेतून गाडी बाहेर काढता येत नाही, हे श्टुटगार्टमध्ये बसून रिलीजची तारीख ठरवणाऱ्याला कसं कळणार?

खरा वेळ गेला प्रश्नांवर. ‘तुमच्या अपेक्षा काय’ या प्रश्नाला उत्तर द्यायचं तर त्या माणसाला निबंध लिहावा लागेल. तो ‘भेटलो की बोलू’ म्हणून सोडून देतो. असं उत्तर आलं की समजावं, प्रश्न फार मोठा होता. शेवटी दोनच ठेवले. पहिला: गंभीर बग सापडला तर खात्री करण्याआधी कळवू की केल्यावर? याला एका शब्दात उत्तर देता येतं. दुसरा जड होता: रिलीज थांबवायचा निर्णय मी घेऊ शकते, की तुम्हाला विचारावं लागेल? त्याला जोडून एक वाक्य लिहिलं: ‘तुमचं उत्तर येईपर्यंत जुनीच पद्धत चालू ठेवते, एक दिवस थांबवते आणि लगेच कळवते.’ या वाक्यामुळे त्याने उत्तर दिलं नाही तरी काम अडत नाही, आणि ती पद्धत मान्य नसेल तर तो नक्की बोलतो.

पगारवाढ आणि आधीच्या बॉसबद्दलची नाराजी मी या मेलमध्ये येऊ देत नाही. मेल पुढे पाठवला जातो, आणि तो कुणी कुठल्या मनःस्थितीत वाचेल ते आपल्या हातात नसतं. घरच्या आजारपणासारखी गोष्ट असेल तर पहिल्या कॉलमध्ये तोंडी सांगावी. लांबी फोनच्या दोन स्क्रीनपेक्षा जास्त नको, कारण तो बहुधा फोनवरच वाचणार. संबोधनासाठी त्याने स्वतःच्या मेलखाली कशी सही केली आहे ते बघायचं. याने फक्त पहिलं नाव लिहिलं होतं, म्हणून आम्ही ‘सर’ काढलं.

दोन दिवस उत्तर आलं नाही. ती आठवणीचा मेल टाकायला निघाली होती; मी थांबवलं आणि दोन्ही प्रश्न पहिल्या कॉलच्या निमंत्रणात चिकटवायला सांगितले. कॉलमध्ये पहिल्याचं उत्तर लगेच मिळालं: आधी कळव. दुसऱ्यावर तो थोडा थांबला आणि त्याने विचारलं, “एकच दिवस का?” त्यावर अर्धा तास बोलणं झालं, आणि आता तिला दोन दिवस थांबवायची मुभा आहे.