वाटणीची भाषा

भांड्यांच्या वाटणीत भांडण भांड्यांवरून क्वचितच होते. ते वाक्यांवरून होते. आईच्या निधनानंतर वणीच्या घरातील वस्तूंविषयी भावंडांना पत्र लिहिताना मी दोन पथ्ये पाळली. 'आम्ही' हे सर्वनाम ऐकणाऱ्याला वगळते, 'आपण' त्याला सामावून घेते; म्हणून सर्वत्र 'आपण' योजले. 'तू नेलेस', 'मी केले' ही भूतकाळी रूपे टाळली, कारण जुने हिशेब त्यांतूनच उघडतात.

मृत्युपत्र नव्हते आणि वडील आधीच निवर्तले होते. त्यामुळे १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार बहिणीसह आम्हा तिघांचा वाटा समान होता. सोने तोलून, त्या दिवसाच्या भावाने तीन वाटे सुचविले. तांब्याचा गुंड, जाते, शिवणयंत्र यांचे मोल मात्र भावात मावत नाही. त्यांसाठी चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवावा आणि दुसऱ्या फेरीत तो उलटा करावा, असे लिहिले. शेवटी निवडणारा मग लागोपाठ दोन वस्तू निवडतो आणि पहिल्याचा लाभ फिटतो.

आईने हयातीत दिलेल्या पाटल्या यादीबाहेर ठेवण्यास तिघांची लेखी संमती घेतली. तो सल पत्राने मिटला नाही. वाटणीत मात्र आला नाही.