दुकानातील काटा

पर्युषण आटोपले, पारणे झाले आणि त्यानंतर दोन महिन्यांनी, दिवाळीच्या सुमारास, पनवेलमधील एका धान्याच्या दुकानाच्या मालकीणबाईंच्या बांगड्या कोपरापर्यंत सहज सरकू लागल्या. वय 61. भेटेल तो म्हणे, "काकू, तपाने किती छान उतरलात!" त्याही हसून मान डोलावत. वडाळे तलावाकाठच्या सकाळच्या फेरीत मात्र त्यांना अलीकडे धाप लागत असे, हे त्यांनी घरात कुणाला सांगितले नव्हते.

संशय आला तो यजमानांना. दुकानातील पोती तोलण्याच्या काट्यावर घरातली माणसे गमतीने उभी राहत आणि आकडे जुन्या वहीच्या मागल्या पानावर लिहिले जात. पर्युषणापूर्वी बाईंचे वजन 64 किलो होते, आठ एकासनांनंतर 63. आता काटा 58 दाखवत होता.

डॉक्टरांनी ती वही आधी मागून घेतली. बहुतेक लोक "वाळलो" एवढेच सांगतात; एकाच काट्यावरचे तारीखवार आकडे फार थोड्यांकडे असतात. सहा महिने ते वर्षभरात, प्रयत्न न करता, मूळ वजनाच्या 5 टक्के घट झाली तर तपासणी करावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. 64 किलोला ते सव्वातीन किलो होतात. येथे दोनच महिन्यांत पाच किलो गेले होते, तेही पारण्यानंतर. उपवासाने उतरलेले वजन जेवण पूर्ववत झाले की हळूहळू परततेच. नेहमीचे जेवण सुरू असूनही ते उतरत राहिले, तर त्याचा दोष तपाला देता येत नाही.

मग त्यांनी विचारले, "काकू, भूक कशी आहे?"

या साध्या प्रश्नाने तपासाची वाट बरीचशी ठरते. भूक मेली असेल तर क्षयरोग, पोटाचे विकार, कर्करोग, मनाची उदासी, दुखणारे दात, एखादे नवे औषध यांचा विचार आधी होतो. भूक शाबूत किंवा वाढलेली असूनही वजन घटत असेल, तर मधुमेह, थायरॉइडचा अतिरेक किंवा अन्न अंगी न लागणे यांकडे लक्ष जाते. ही विभागणी काटेकोर नव्हे. उतारवयात थायरॉइड वाढूनही भूक मंदावलेली आढळते. बाई मात्र म्हणाल्या, "उलट एक भाकरी जास्तच जाते."

तहान, रात्रीचा ताप, खोकला, शौचातून रक्त, सगळ्याला नकार आला. शौचाला मात्र दिवसातून तीनदा जावे लागे, झोप उडाली होती आणि कार्तिकातही घाम फुटत असे. डॉक्टरांनी त्यांना हात पुढे पसरायला लावून बोटांवर एक कागद ठेवला; तो थरथरला. स्वस्थ बसल्या असताना नाडीचे ठोके मिनिटाला 108 होते.

मुलाच्या मनात कर्करोगाची भीती. "सगळ्या शरीराचा स्कॅनच करून टाकू," तो म्हणाला. डॉक्टरांनी ते थांबवले. सुरुवात साध्या तपासण्यांनी होते : रक्तपेशींची मोजणी, ईएसआर, उपाशीपोटीची साखर आणि एचबीएवनसी, यकृत-मूत्रपिंडाच्या चाचण्या, टीएसएच, लघवी, छातीचा एक्स-रे; गरज वाटल्यास पोटाची सोनोग्राफी. यांत बोट ठेवण्याजोगे काही सापडले, तर पुढचा मोठा तपास त्या दिशेने होतो.

रक्त देण्याआधी त्यांनी आणखी एक विचारले, "केसांसाठी काही गोळ्या?" होत्या, सुनेने आणून दिलेल्या, बायोटिनच्या. हे जीवनसत्त्व काही प्रयोगशाळांतील थायरॉइडच्या चाचण्यांना फसवते आणि निरोगी माणसाचाही अहवाल थायरॉइड वाढल्यासारखा येऊ शकतो. म्हणून त्या गोळ्या थांबवून तीन दिवसांनी रक्त घेतले.

साखर नेमकी, एक्स-रे स्वच्छ, रक्तपेशी ठीक. टीएसएच मात्र जवळजवळ शून्यावर आणि टी-फोर बरेच वर. थायरॉइड ग्रंथी अतिरिक्त काम करत होती. ती का, हे प्रतिपिंडांच्या चाचणीने कळले : ग्रेव्हजचा आजार.

कार्बिमाझोल सुरू झाले, नाडीसाठी काही दिवस आणखी एक गोळी. एक ताकीद डॉक्टरांनी चिठ्ठीवर लाल शाईने लिहिली : ताप आला वा घसा दुखू लागला, तर गोळी थांबवून त्याच दिवशी रक्त तपासायचे, क्वचित हे औषध पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या कमी करते.

दीड महिन्यानंतर टी-फोर उतरला, तरी टीएसएच तळाशीच होता. मुलगा घाबरला. तो आकडा कित्येक आठवडे मागे रेंगाळतो, हे त्याला समजावून सांगावे लागले. बाईंचा भरवसा कागदापेक्षा काट्यावर अधिक होता. फाल्गुनात वहीच्या मागल्या पानावर यजमानांनी 61 लिहिले आणि बांगड्या पुन्हा मनगटावर थांबू लागल्या.