निळी खूण नेमकी कशाची?

डेटिंग ॲपवर एखाद्या नावाशेजारी बरोबरची छोटी निळी खूण दिसली, की तुमच्या मनात पहिल्यांदा काय येतं? "चला, माणूस खरा आहे." असंच ना? मी ज्यांना ज्यांना विचारलं, त्यातल्या बहुतेकांनी हेच सांगितलं. तुम्ही स्वतः असलं ॲप वापरत नसाल, पण घरातली एखादी भाची, पुतण्या, कदाचित एकटी राहणारी आत्याही वापरत असेल. म्हणून ही खूण कशी मिळते आणि तिच्यावर किती भरवसा ठेवायचा, हे आज जरा निवांत सांगते.

मला हे कळलं ते कामामुळे. मी कंटेंट रायटर आहे, हैदराबादला राहते. एका ॲपच्या स्क्रीनवरची छोटी वाक्यं मराठीत लिहायचं काम माझ्याकडे आलं होतं. त्यात एक शब्द होता 'व्हेरिफाइड'. आता याला मराठीत काय म्हणायचं? खात्रीशीर? खरी व्यक्ती? पडताळलेली? काहीही लिहिण्याआधी मी तिथल्या एका इंजिनीअर मुलीला फोन लावला आणि विचारलं, "तुम्ही नेमकं काय तपासता?" ती म्हणाली, "फोटो तपासतो गं. माणूस नाही तपासत."

मग तिने मला सगळं समजावून सांगितलं.

तुम्ही खुणेसाठी अर्ज केलात, की ॲप स्वतःचाच कॅमेरा उघडतं. गॅलरीतला जुना फोटो तिथे चालत नाही. स्क्रीनवर एक पोज दिसते. कधी गालाला हात लावायचा असतो, कधी दोन बोटं वर करायची असतात. तशी पोज घेऊन तुम्ही तिथल्या तिथे सेल्फी काढता. बंबलने ही पद्धत २०१६मध्ये आणली, टिंडरने २०२०मध्ये. आता पुष्कळ ठिकाणी फोटोऐवजी छोटा व्हिडिओ घेतात. चेहरा गोलात ठेवा, जवळ या, मान वळवा, अशा सूचना येतात.

पोज कशासाठी? समजा, कुणी तुमच्या इन्स्टाग्रामवरून दहा फोटो चोरले. त्या दहांत डाव्या गालाला हात लावून दोन बोटं वर केलेला फोटो असण्याची शक्यता जवळजवळ शून्य. पोज आयत्या वेळी सांगितली जाते, त्यामुळे चोराला ती आधीपासून तयार ठेवता येत नाही. कॅमेऱ्यासमोर आत्ता जिवंत माणूस आहे, एवढं यातून कळतं.

यानंतर ताजा चेहरा आणि प्रोफाइलवरचे फोटो जुळवले जातात. संगणक चेहऱ्यावरून आकड्यांची एक लांब रांग बनवतो. काही पद्धतींत १२८ आकडे असतात, काहींत ५१२. सेल्फीचे आकडे आणि फोटोचे आकडे ठरवलेल्या मर्यादेइतके जवळ आले, की खूण मिळते. आकडे लांब पडले, की नकार येतो. दाट फिल्टर लावलेला फोटो, अंधारी खोली, मोठा गॉगल, पाच वर्षांपूर्वीचा बारीक चेहरा, अशा कारणांनी अगदी खऱ्या माणसालाही नकार येऊ शकतो. त्यामुळे खूण नाही म्हणजे माणूस खोटा, असंही समजू नका.

म्हणजे खुणेचा अर्थ एवढाच, की "तपासणीच्या त्या क्षणी कॅमेऱ्यासमोर बसलेला चेहरा या फोटोंतल्या चेहऱ्याशी जुळला." नाव, वय, नोकरी, लग्न झालंय की नाही, मनात काय आहे, यातलं काहीही पोजच्या तपासणीत येत नाही. काही ॲप आता सरकारी ओळखपत्रही तपासतात, पण ती तपासणी वेगळी असते आणि तिची खूणही बहुधा वेगळी असते.

आता माझ्या मावसबहिणीची गोष्ट ऐका. तिला विचारूनच लिहिते आहे. ती इंदूरला असते, वय चौतीस, घटस्फोटाला दोन वर्षं झालेली. तिने ॲप घेतलं तेव्हाच ठरवलं होतं, निळी खूण असेल त्याच्याशीच बोलायचं. मला म्हणाली, "आपल्याकडे स्थळ आलं की चार ठिकाणी चौकशी करतात ना, तसंच झालं असेल हे."

तिथे तिला एक जण भेटला. वय छत्तीस, अविवाहित, औषध कंपनीत नोकरी, नावाशेजारी निळी खूण. तीन आठवडे बोलणं झालं, दोनदा व्हिडिओ कॉल झाला. मग भर दुपारी विजयनगरच्या एका कॅफेत भेट झाली. समोर आलेला माणूस फोटोतलाच होता. त्यामुळे ताईचा उरलासुरला संशयही गेला. बिल झालं ४१० रुपये, ते त्याने दिलं. घरी आल्यावर ताईने तिच्या वाट्याचे २०५ रुपये पाठवायला यूपीआय उघडलं आणि त्याचा नंबर टाकला. स्क्रीनवर वेगळंच नाव आलं. आडनावसुद्धा वेगळं.

त्याने सांगितलं, "भावाचं खातं आहे." ताईने ते नाव फेसबुकवर शोधलं. फोटो त्याचाच होता, शेजारी बायको आणि मांडीवर मुलगी.

ताईने रागाने ॲपकडे तक्रार केली, की तुम्ही खोट्या माणसाला खूण दिलीत. उत्तर आलं, "पडताळणी योग्य आहे. सेल्फी आणि फोटो जुळतात." ती मला फोन करून म्हणाली, "बघ, वर मलाच शिकवतायत!" पण त्या उत्तरात चूक काढायला जागा नव्हती. चेहरा त्याचाच होता. खोटं होतं ते सगळं बाकीचं. मग आम्ही दोघींनी 'खोटी माहिती' या सदरात, स्क्रीनशॉट जोडून पुन्हा तक्रार केली. नऊ दिवसांनी त्याचं खातं बंद झालं.

माणूस निदान फोटोतला तरी निघेल, ही खात्रीसुद्धा पूर्ण नसते. खूण मिळालेलं खातं एकाकडून दुसऱ्याच्या हाती जाऊ शकतं. तपासणीला बसतो एक, रात्री चॅट करतो दुसराच. खूण मिळाल्यावर नवे फोटो टाकले, तर काही ॲप ते पुन्हा जुळवून बघतात, काही बघत नाहीत. आणि तिसरा प्रकार जास्त अवघड आहे. फसवणारे कॅमेऱ्यासमोर काही धरतच नाहीत. कॅमेऱ्याच्या जागी सॉफ्टवेअरमधून तयार केलेला व्हिडिओ थेट ॲपला पुरवतात. त्यात दुसऱ्याचा चेहरा चढवलेला असतो आणि तो सांगितल्याप्रमाणे मानही वळवतो. हे ओळखायला कंपन्या नवे उपाय करतात, आणि त्यावर हे लोक नवी युक्ती काढतात.

आता दुसरी बाजू. या खुणेसाठी आपण देतो काय? पैसे तर नाही देत. आपण चेहऱ्याचा ठसा देतो.

कंपनी म्हणते, "तुमची सेल्फी आम्ही काढून टाकतो," तेव्हा ती आकड्यांची रांग काढून टाकते की नाही, हे वेगळं विचारावं लागतं. टिंडरचंच बघा. चेहरा तपासणीचा व्हिडिओ नंतर काढून टाकतो, पण चेहऱ्याचा सांकेतिक नकाशा ठेवतो, असं ते स्वतः सांगतात. कारण नवे फोटो जुळवायचे असतात आणि एकाच चेहऱ्याची अनेक खाती पकडायची असतात. यातली गोम लक्षात येतेय का? ताईला फसवणारा माणूस उद्या नव्या नंबरवरून, नव्या नावाने परत आला, तर त्याला त्याच्या चेहऱ्यावरून अडवता येईल. पण त्यासाठी ॲपला त्याचा ठसा जपून ठेवावा लागेल, आणि येणारा प्रत्येक चेहरा, ताईचासुद्धा, त्याच्याशी ताडून बघावा लागेल. म्हणजे ज्यामुळे आपलं रक्षण होतं, त्याचीच जोखीमही आपल्याला उचलावी लागते.

ही जोखीम नुसती कागदावरची नाही. अमेरिकेत 'टी' नावाचं खास बायकांसाठीचं ॲप आहे. ज्या पुरुषाला भेटायचं, त्याच्याबद्दल तिथे एकमेकींना विचारता येतं. आपण बाईच आहोत हे दाखवायला सेल्फी द्यावी लागायची. जुलै २०२५मध्ये तिथून सुमारे ७२ हजार चित्रं बाहेर फुटली. त्यातली जवळपास १३ हजार पडताळणीसाठी दिलेल्या सेल्फी आणि ओळखपत्रांची होती. सुरक्षित राहण्यासाठी दिलेले चेहरेच उघड्यावर पडले. पासवर्ड फुटला तर आपण पाच मिनिटांत बदलतो. चेहरा कसा बदलणार?

मग खूण घ्यावी की नाही? ताईने हे विचारलं तेव्हा मी तिला हो किंवा नाही सांगितलं नाही. आधी ॲपच्या गोपनीयता धोरणात तीन गोष्टी शोधायला लावल्या. ठसा किती दिवस ठेवणार? तपासणी ॲप स्वतः करतं की दुसरी कंपनी? खातं काढल्यावर ठशाचं काय होणार? उत्तरं स्पष्ट सापडली नाहीत, तर सेल्फी देऊ नये, असं माझं मत. आणि ॲप सोडायचं असेल, तर फोनवरून नुसतं काढून टाकून भागत नाही. सेटिंगमध्ये जाऊन आधी खातं डिलीट करावं लागतं. आपल्याकडच्या २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती कायद्यात दिलेली संमती मागे घेण्याचा हक्क आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत.

आणि समोरच्याची खूण दिसली, तर तिथून पुढची चौकशी आपणच करायची. व्हिडिओ कॉलवर त्याला तळहात चेहऱ्यासमोरून हळू फिरवायला सांगा, पूर्ण बाजूला वळायला सांगा. चढवलेला चेहरा अशा वेळी पुष्कळदा कडेला फाटतो किंवा थरथरतो. फाटला नाही म्हणून लगेच खरा समजू नका, पण फाटला तर तिथेच थांबा. त्याचा नंबर मिळाला, की यूपीआयमध्ये टाकून बँकेतलं नाव काय दिसतं ते बघा. पैसे मात्र पाठवू नका, नाहीतर तुमचंही पूर्ण नाव त्याच्याकडे जाईल. कुणी पैसे मागितले किंवा फसवणूक झालीच, तर लाजून गप्प न बसता १९३० या नंबरवर फोन करा किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा.

शेवटी त्या स्क्रीनवर मी लिहिलं, 'फोटो पडताळले'. दोनच शब्द. त्यात 'व्यक्ती' हा शब्द मी कुठेच येऊ दिला नाही. ताईने अजून ॲप सोडलेलं नाही. परवा तिने एका नव्या मुलाबद्दल सांगितलं, तेव्हा मी विचारलं, "निळी खूण आहे का गं?" ती म्हणाली, "आहे. म्हणजे चेहरा कळला. आता आडनाव विचारते."