फोटोग्राफरला ताप येतो तेव्हा

इथे अमेरिकेत फॅमिली फोटो काढणारे बहुतेक फोटोग्राफर एकांडे शिलेदार असतात. दुकान नाही, मदतनीस नाही. फोन घेणारी तीच, फोटो काढणारी तीच, रात्री जागून एडिटिंग करणारी तीच आणि बिल पाठवणारीही तीच. आमच्या ऑफिसात कुणी आजारी पडलं तर त्याचं काम दुसऱ्याकडे जातं आणि गिऱ्हाइकाला पत्ताही लागत नाही. हिला ताप आला की सगळं दुकानच बंद! मग आधी ठरलेल्या शूटचं काय होतं, ते २०२४ च्या ऑक्टोबरात आम्ही जवळून पाहिलं.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले होते आणि दिवाळीला घरी पोचायचं म्हणून मंगळवार, २९ ऑक्टोबरचं परतीचं तिकीट होतं. बाबांचं वय ७६, गुडघे दुखरे. "आता पुन्हा एवढा प्रवास माझ्याच्याने व्हायचा नाही," असं त्यांनी स्पष्ट सांगून टाकलेलं. म्हणून ताई आणि भावजी मुलांना घेऊन शिकागोहून येणार होते आणि शनिवारी, २६ तारखेला, जवळच्या काउंटी पार्कात पिवळ्या-लाल झाडांखाली सगळ्यांचा एकत्र फोटो काढायचा होता. शूट ६०० डॉलरचं, त्यातले २०० आगाऊ दिलेले.

गुरुवारी संध्याकाळी फोटोग्राफरची ईमेल आली. तिचा मराठीत गोषवारा असा:

"मला आज सकाळपासून फ्लू आणि १०२ ताप आहे. शनिवारी मी शूट करू शकणार नाही. तुमचे आई-वडील मंगळवारी निघत आहेत हे माझ्या लक्षात आहे, म्हणून त्याआधीचे दोन पर्याय देते. पहिला: शनिवारी ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, माझ्याऐवजी माझी सहकारी येईल. मी तिच्याशी बोलले आहे, ती मोकळी आहे. तिने याच महिन्यात काढलेलं एका कुटुंबाचं संपूर्ण शूट सोबतच्या लिंकवर आहे. एडिटिंग मीच करीन. पैसे तेवढेच, तिचा दर जास्त आहे, तो फरक माझा. दुसरा: सोमवारी साडेचार वाजता मी स्वतः येईन, पण रविवार संध्याकाळपर्यंत औषधाशिवाय २४ तास ताप नसेल तरच. दोन्ही नको असतील तर आगाऊ रक्कम पूर्ण परत. उद्या दुपारी १२ पर्यंत कळवा, तोपर्यंत सहकारीने शनिवार तुमच्यासाठी राखून ठेवला आहे."

मंडळी, मी ही ईमेल दोनदा वाचली. पहिल्यांदा वैतागून आणि दुसऱ्यांदा कौतुकाने.

पहिली गोष्ट म्हणजे वेळ. गुरुवारी ताप आला की मनात येतंच, शनिवारपर्यंत उतरेल, बघू. पण ऑक्टोबरातला शनिवार म्हणजे इथल्या फोटोग्राफर मंडळींचा ऐन हंगाम. शनिवारी सकाळी बदली शोधायला निघालं तर कुणी मिळत नाही. ताप उतरण्याची वाट बघण्यातच गिऱ्हाइकाचा पर्याय हातचा जातो. शिवाय ताप उतरला म्हणजे झालं असंही नाही. औषध न घेता २४ तास ताप नसावा आणि तब्येत सुधारत असावी, तोवर लोकांत मिसळू नये, असं इथल्या सीडीसीचं सांगणं आहे. आमच्या घोळक्यात ७६ वर्षांचे आजोबा आणि ताईचं आठ महिन्यांचं बाळ होतं. अंगात ताप घेऊन ती निष्ठेने आली असती तर त्यात आमचं भलं नव्हतं.

दुसरी गोष्ट तारखांची. "पुढच्या रविवारी याच वेळी येते," असं म्हणणं सगळ्यात सोपं. पण पुढचा रविवार म्हणजे ३ नोव्हेंबर. तोवर आई-बाबा पुण्यात! आणि त्याच दिवशी इथली घड्याळं एक तास मागे गेली. ऑक्टोबरच्या शेवटी सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तो त्या दिवसापासून पाचच्या आतच मावळायला लागतो. संध्याकाळी पाचचं शूट "त्याच वेळी" ठेवलं असतं तर अंधारात उभे राहिलो असतो. तिने बुकिंगच्या वेळी भरून घेतलेल्या फॉर्मात आमची परतीची तारीख होती आणि ईमेल लिहिताना ती तिने उघडून पाहिली होती.

तिसरी गोष्ट, बदली माणसाची ओळख कशी करून दिली ती. निवडक दहा फोटो कुणाचेही छानच असतात. एक संपूर्ण शूट पाहिलं की खरं कळतं: मूल रडायला लागल्यावर काय केलं, सावळ्या चेहऱ्यांचा रंग नीट आला का, आठ जणांच्या ग्रुपमध्ये मागच्या रांगेतले चेहरे स्पष्ट आहेत का.

आम्ही पहिला पर्याय घेतला, कारण सोमवारचा भरवसा तापावर होता आणि तो चुकला तर पुढे दिवसच उरत नव्हता. मग पडद्यामागची कामं झाली. त्या पार्कात पैसे घेऊन फोटो काढायला परमिट लागतं आणि ते आमच्या फोटोग्राफरच्या नावावर होतं. शुक्रवारी तिने पार्कच्या ऑफिसला फोन करून ते बदलून घेतलं, नाहीतर तिथल्या रखवालदाराने हटकलं असतं. दोघींनी आपसात लेखी करारही केला. इथल्या कायद्याने फोटोचा हक्क सर्वसाधारणपणे ज्याने तो काढला त्याचाच. लेखी लिहून दिल्याशिवाय तो दुसऱ्याकडे जात नाही. ते केलं नसतं तर आमचे फोटो नक्की कुणाकडून घ्यायचे हाच घोळ झाला असता.

शुक्रवारी रात्री बदली फोटोग्राफरचा दहा मिनिटं फोन आला. बाबांना फार वेळ उभं राहवत नाही हे तिला आधीच सांगितलेलं होतं. त्यामुळे शनिवारी पहिला फोटो आई-बाबांचा, बाकावर बसवून, मग सगळ्यांचा, आणि पळापळीचे फोटो शेवटी. वीस मिनिटांत बाबा मोकळे झाले.

आता बदलीत काय हरवतं तेही सांगायला हवं. काढलेले फोटो त्याच रात्री आमच्या फोटोग्राफरकडे गेले आणि एडिटिंग तिचं असल्यामुळे रंग अगदी तिच्या फोटोंसारखे आले. पण ती मुलांच्या जवळ, जमिनीवर बसून फोटो काढते. ही दुसरी लांबून, मोठ्या लेन्सने. म्हणून आमचे फोटो जरा शांत आहेत. मुलांची खिदळणारी तोंडं कमी, दोन म्हातारी माणसं एकमेकांकडे बघताहेत असे जास्त. कॅमेरा कुठे उभा होता, हे एडिटिंगने बदलत नाही.

फोटो तीन आठवड्यांनी आले तेव्हा तिला आभाराचा फोन केला. आमच्या बाबांनी त्या ईमेलवर विचारलं होतं, "एवढ्या तापात माणूस इतकं नीट लिहितो कसं?" तेही तिला विचारलं. ती हसली. म्हणाली, "तापात कुठे लिहिणार? ती ईमेल दोन वर्षांपूर्वी, ठणठणीत असताना लिहून ठेवली आहे. तारखा, जागा आणि सहकारीचं नाव तेवढं रिकामं ठेवलेलं. त्या दिवशी गाळलेल्या जागा भरल्या आणि झोपले."

बाबांना फोनवर हे सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "तो बाकावरचा मोठा करून पाठव."