खुणेपाशी थांबताना

मराठीत त्वचेवरच्या खुणांसाठी शब्दांची वाण नाही. जन्मतः असते ती जन्मखूण किंवा लासे. जखम भरून आल्यावर मागे उरतो तो व्रण, बोलीभाषेत वण. रंगाने वेगळा उठून दिसतो तो चट्टा. आणि या साऱ्यांना एकाच मापाने मोजणारा शब्द म्हणजे डाग. तालुक्याच्या गावी छायाचित्रांचे दुकान चालवताना समोरचा माणूस यांपैकी कोणता शब्द उच्चारतो, याकडे लक्ष देण्याची सवय मला लागली. ‘कपाळावरचा वण’ असे म्हणणारा माणूस बहुधा त्यामागची हकीकतही सांगतो. ‘डाग’ म्हणणारा मात्र पुष्कळदा दुसऱ्याने शिकवलेला शब्द वापरत असतो. डाग म्हटला की तो धुवायचाच असतो. खूण म्हटली की ती कोणाची, हा प्रश्न आधी येतो.

म्हणून मी स्वतःहून कधी ‘हा डाग काढू का?’ असे विचारीत नाही. ज्याला आजवर त्या खुणेचे काही वाटत नव्हते, त्यालाही त्या प्रश्नाने ती खटकू लागते. मी छायाचित्र पडद्यावर दाखवतो आणि ‘यात काही कमीजास्त करायचे आहे का?’ एवढेच विचारतो. ज्याला खुणेविषयी बोलायचे असते, त्याचे बोट आपोआप तेथे जाते. ज्याचे बोट विस्कटलेल्या केसांवर किंवा शर्टाच्या कॉलरवर जाते, त्याच्या खुणेला हात लावण्याचा मला अधिकार नाही.

खुणेला हात लावायचा झाला, तर तिची जात ओळखावी लागते. व्रण हा मुख्यतः उंचसखलपणा असतो. तो आपल्याला दिसतो तो सावलीमुळे आणि चकाकीमुळे. खोल वणाच्या एका कडेला बारीक सावली पडते. उंचावलेल्या वणाची गुळगुळीत त्वचा प्रकाशात चकाकते. बाजूने येणारा कडक प्रकाश हे दोन्ही वाढवतो, तर समोरून येणारा, पांढऱ्या पडद्यातून गाळलेला प्रकाश दोन्ही कमी करतो. त्यामुळे व्रण सौम्य करण्याचे निम्मे काम कॅमेऱ्याची कळ दाबण्यापूर्वीच, खुर्ची खिडकीकडे वळवून होऊ शकते. उरलेल्या कामात सावली किंचित उजळायची आणि चकाकी किंचित मंद करायची, एवढेच असते. जन्मखुणेचे तसे नाही. ती बहुधा सपाट असते. तिचे असणे रंगात असते. तेथे प्रकाशाची दिशा फारशी उपयोगी पडत नाही. रंगाकडेच पाहावे लागते.

आणि रंगाच्या बाबतीत कॅमेरा हा पूर्ण विश्वासू साक्षीदार नव्हे. कृष्णधवल छायाचित्रणाच्या काळात वापरात असलेल्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला तांबडा रंग जवळजवळ दिसतच नसे. परिणामी गालावरची फिकट तांबूस खूण छायाचित्रात काळपट होऊन उमटत असे. आजचे कॅमेरे तांबडा रंग पाहतात, पण कित्येकदा तो आहे त्याहून गडद करून दाखवतात. तेव्हा खूण सौम्य करणे याचा पहिला अर्थ, कॅमेऱ्याने आणि त्या दिवसाने तिच्यात जी भर घातली ती काढून टाकणे, असा मी घेतो.

ही गोष्ट एका उदाहरणाने अधिक स्पष्ट होईल. एकदा मे महिन्यातल्या दुपारी एक आई आपल्या चोवीस वर्षांच्या मुलीला घेऊन आली. स्थळासाठी छायाचित्र हवे होते. मुलीच्या डाव्या गालापासून जबड्याच्या कडेपर्यंत जांभूळसर तांबडी जन्मखूण होती. आईने आत येतानाच सांगितले, “दादा, फोटोत एवढा डाग दिसायला नको.” मुलगी काही बोलली नाही. मी त्या दोघींना पाणी दिले आणि छायाचित्र अर्ध्या तासाने काढू म्हटले. अशी खूण त्वचेतील रुंदावलेल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांमुळे असते. उन्हातून आल्यावर, धावपळीत किंवा रडल्यावर ती अधिक गडद दिसते. बसच्या प्रवासानंतर लगेच काढलेल्या छायाचित्रात खुणेबरोबर ती दुपारही उमटली असती.

छायाचित्र काढून झाल्यावर आई बाहेर फोनवर बोलत असताना मी मुलीला पडद्यासमोर बसवले आणि माझा नेहमीचा प्रश्न विचारला. तिचे बोट गालावर गेले. ती म्हणाली, “काका, पूर्ण काढू नका. काढलीत, तर ते लोक फोटोतल्या मुलीला बघायला येतील आणि दार मी उघडीन. पण ही इतकी लाल नाहीये. रोज आरशात असते तेवढीच ठेवा.”

तिचे म्हणणे खरे होते, आणि ते पडद्यावर दाखवताही येत होते. तिने गडद लाल ओढणी घेतली होती. तिच्या उजव्या, खूण नसलेल्या जबड्याची त्वचाही कपाळापेक्षा तांबूस दिसत होती. याचा अर्थ ओढणीवरून परतलेला प्रकाश दोन्ही बाजूंना लाल झाक देत होता आणि डावीकडची झाक खुणेच्या खाती जमा होत होती. मी प्रथम दोन्ही जबड्यांवरची ती झाक उतरवली. तेवढ्यानेच खूण बरीच निवळली, आणि तिला अजून स्पर्शही झालेला नव्हता.

मग मूळ छायाचित्र बाजूला जसेच्या तसे ठेवून त्याच्या प्रतीवर एक वेगळा थर घेतला आणि फक्त खुणेपुरता तांबडा रंग कमी करू लागलो. येथे एक गंमत असते. रंग पूर्ण काढला, तर खूण जात नाही. तिच्या जागी राखी पट्टा उरतो, कारण खूण शेजारच्या त्वचेपेक्षा केवळ तांबडी नसते, गडदही असते. तो पट्टा घालवायला त्वचा उजळावी लागते. उजळली की कडा उघड्या पडतात. कडा पुसल्या की त्वचेवरची बारीक रंध्रे आणि लव पुसली जाते आणि गाल मेणाचा दिसू लागतो. मग दुसरा गालही तसाच करावा लागतो. एका पायरीने दुसरी मागत मागत शेवटी जो चेहरा तयार होतो, तो कोणाचाच नसतो. म्हणून मी तांबडेपणा थोडा, गडदपणा त्याहून थोडा कमी केला, खुणेची वेडीवाकडी कड मुळीच पुसली नाही, आणि मग त्या थराची तीव्रता शंभरावरून हळूहळू उतरवू लागलो. मुलगी हातातल्या आरशात, दाराजवळच्या सावलीत पाहत होती. साधारण चाळीस टक्क्यांवर ती म्हणाली, “बास, हीच.”

थांबण्याची जागा तिने सांगितली होती. तरी मी ती दोन रीतींनी पडताळून पाहिली. पहिली म्हणजे तो थर क्षणभर बंद करून पुन्हा चालू करणे. पाहणाऱ्याची नजर डोळ्यांवरच राहिली तर काम प्रमाणात आहे; ती झटकन गालाकडे धावली तर काम अधिक झाले आहे. दुसरी म्हणजे छोटी छापील प्रत काढून ती दारातल्या उजेडात त्या व्यक्तीच्या चेहऱ्याशेजारी धरणे. पडद्यावर चौपट मोठे करून पाहताना प्रत्येक रंध्र दोष वाटतो आणि हात आवरत नाही; हातभर अंतरावरच्या कागदावर माणूस पुन्हा माणूस दिसू लागतो. आई आत आली. प्रत आणि मुलगी यांच्याकडे आळीपाळीने पाहत ती म्हणाली, “अजून थोडा कमी होईल ना?” मी मुलीकडे पाहिले. तिने प्रत आईच्या हातून घेऊन पाकिटात घातली.

याउलट, महिन्यापूर्वी मोटारसायकलवरून पडलेला तरुण हनुवटीवरचा लालबुंद वण लग्नाच्या छायाचित्रातून पूर्ण काढा म्हणतो, तेव्हा मी तो काढतो. नवा वण पुढच्या वर्षभरात बराच फिका पडत जातो. तो चेहरा अजून ठरलेला नसतो. मात्र पासपोर्टसाठीचे छायाचित्र असेल, तर मालकाची इच्छा असूनही खुणेला हात लावता येत नाही. तेथे संगणकावर फेरफार केलेले छायाचित्र चालत नाही, कारण त्याचे काम चेहरा ओळखू येणे एवढेच आहे.

आणि ज्याची खूण तो माणूसच हयात नसेल तर? माझ्या दुकानात आधीच्या मालकाच्या काळातील निगेटिव्हच्या पेट्या आहेत. एका कुटुंबाला त्यांच्या दिवंगत आजोबांचे छायाचित्र मोठे करून हवे होते. त्यांची निगेटिव्ह सापडली. ती उजेडात तिरकी धरल्यावर चेहऱ्याच्या भागात पेन्सिलीच्या असंख्य बारीक रेघा चमकल्या. त्या काळी निगेटिव्हवर विशिष्ट रोगण लावून टोकदार पेन्सिलीने सावल्यांच्या जागा भरत असत. त्या शिशामुळे तेवढा प्रकाश अडे आणि छापील प्रतीत ती जागा उजळ येई. आजोबांच्या चेहऱ्यावर देवीचे व्रण होते आणि कोणीतरी एकेक खळगा भरून काढला होता. चाकूने खरवडलेली निगेटिव्ह पूर्ववत होत नाही. पेन्सिलीचे काम मात्र टर्पेंटाइनच्या बोळ्याने पुसता येते. नातवाला ही गोष्ट सांगताच तो उत्साहाने म्हणाला, “मग पुसा ना! आजोबा खरे होते तसे दिसू देत.”

त्याची आजी बाकावर बसली होती. ती म्हणाली, “नको रे. तेव्हा त्यांनीच सांगून काढून घेतले होते. माझ्यासमोर.”

मी निगेटिव्ह पुन्हा पाकिटात ठेवली आणि छायाचित्र पेन्सिलीच्या रेघांसह मोठे करून दिले.