सांडलेल्या शेंगांची गोष्ट

काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयातील चौकशी समितीचा इंग्रजी अहवाल लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. एका विद्यार्थिनीने आपल्या छळाविषयी दोन तास सांगितले होते. 'अखेर ती बोलली' या अर्थी मी सहज 'स्पिल द बीन्स' लिहून गेलो. समितीतल्या ज्येष्ठ प्राध्यापिकांनी त्याखाली रेघ ओढली आणि एवढेच विचारले, "तिने कोणाचे गुपित फोडले?"

घरी येऊन मी या वाक्प्रचाराचा माग काढला. प्राचीन ग्रीसमध्ये मतदानासाठी घेवड्याचे दाणे वापरत, ते भांडे लवंडले की निकाल फुटे, अशी त्याची व्युत्पत्ती अनेक ठिकाणी सांगितली जाते. कथा सुबक आहे, पण तिला आधार नाही. हा प्रयोग लिखित रूपात सापडतो तो विसाव्या शतकाच्या आरंभी, अमेरिकेत. सुरुवातीला त्याचा अर्थ 'बेत उधळणे' असाही होता. गुपित फोडण्याचा अर्थ पुढे रूढ झाला. मात्र 'स्पिल' हे क्रियापद 'उघड करणे' या अर्थी इंग्रजीत त्याआधी काही शतके होतेच. म्हणजे सांडणे जुने, शेंगा नव्या.

त्या शेंगांनीच माझा घात केला. या प्रयोगात थोडी गंमत आहे, थोडा उतावीळपणा आहे, आणि गुपित राखायला हवे होते असे गृहीतही आहे. साक्ष देणाऱ्या मुलीवर यातले काहीच लागू नव्हते. मराठीत लिहिताना 'तिच्या पोटात राहिले नाही' असे मी कधीच लिहिले नसते. तिथे कानाने मला अडवले असते. परक्या भाषेत वाक्प्रचाराचा अर्थ आपण कोशातून घेतो, पण त्याचा सूर कोशात क्वचितच असतो.

'ब्रेक द आइस'ची अडचण वेगळी आहे. आज त्याचा अर्थ अनोळखी माणसांमधला अवघडलेपणा घालवणे. पण शेक्सपिअरच्या 'द टेमिंग ऑफ द श्रू'मध्ये ट्रानिओ पेत्रुकिओला बर्फ फोडायला सांगतो, तेव्हा गप्पांचा प्रश्नच नसतो. थोरल्या कॅथरीनाचे लग्न ठरले की धाकट्या बियांकाच्या इच्छुकांना वाट मोकळी होणार असते. गोठलेल्या पाण्यात मागच्यांसाठी वाट करून देणाऱ्याची ही प्रतिमा आहे. आपल्या 'कोंडी फोडणे'च्या जवळची. वर्गात दरवर्षी कोणीतरी तिथे आजचा अर्थ वाचतो, आणि प्रवेशाचा सगळा व्यवहारी डाव हातातून निसटतो.

म्हणून आता वाक्प्रचार लिहिण्याआधी मी दोन गोष्टी पाहतो: ज्याच्याविषयी लिहितो आहे त्याने तो ऐकला तर त्याला काय वाटेल, आणि त्या जागी साधे क्रियापद पुरेसे आहे का. त्या अहवालात ते पुरेसे होते. दुरुस्त केलेल्या वाक्यात एवढेच उरले: तिने समितीला सांगितले.